जांभळ्या ट्यूबमधलं रक्त लाल ट्यूबमध्ये ओतलं तर?

«रक्त एकाच माणसाचं, एकाच वेळी काढलेलं. लाल ट्यूबमध्ये कमी पडलं तर जांभळ्यातलं थोडं ओतलं, काय बिघडतं?»

पोटॅशियम आणि कॅल्शियम, दोन्ही बिघडतात. जांभळ्या ट्यूबमधलं ईडीटीए हे पोटॅशियमचंच क्षार असतं. ते कॅल्शियम पकडून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. ओतताना रक्ताबरोबर तेही लाल ट्यूबमध्ये जातं. मग रिपोर्ट असा येतो: पोटॅशियम ८.२, कॅल्शियम ४.१ मिग्रॅ, अल्कलाइन फॉस्फेटेजही खाली, कारण त्या एन्झाइमला लागणारं झिंक आणि मॅग्नेशियम ईडीटीएने ओढून घेतलेलं असतं. पेशंट मात्र गप्पा मारत बसलेला आणि ईसीजी नॉर्मल! हे आकडे खरे धरून पोटॅशियम उतरवायचं औषध दिलं तर धोका पेशंटला.

रक्तपेशी फुटल्या तरी पोटॅशियम वाढतं, पण तेव्हा सीरम लालसर दिसतं आणि कॅल्शियम असं कोसळत नाही. ईडीटीएने सीरमचा रंग बदलत नाही, म्हणून नजरेला काहीच कळत नाही. मिसळ अगदी थोडी असेल तर कॅल्शियम नॉर्मलच्या आत राहून पोटॅशियम तेवढं वाढलेलं दिसू शकतं. ही चूक सगळ्यात फसवी. शंका आली की नवीन सॅम्पल घ्या, तेही दुसऱ्या जागेतून.

ट्यूबचा क्रमही याचसाठी: ब्लड कल्चर, निळी, लाल किंवा पिवळी, हिरवी, जांभळी, शेवटी करडी. सिरिंजने काढलेलं रक्त भरतानाही सुई जांभळ्यातून लालमध्ये जाता कामा नये.