गुलाबाचे काळे शेंडे: कात्री कुठपर्यंत चालवायची
(आमच्या नर्सरीच्या इंदूरमधल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

पावसाळा सरला की आमच्या फोनवर एकाच प्रकारचे फोटो येऊ लागतात. गुलाबाची फांदी, तिचा वरचा वीतभर भाग काळा, खाली हिरवी पाने आणि सोबत प्रश्न: "औषध कोणतं मारू?" आमचे उत्तर दरवेळी तेच असते. आधी कात्री, मग औषध. त्यावर पुष्कळ जण सांगतात, "कापलं होतं हो, तरी परत काळं पडलं." खरी अडचण इथेच आहे, म्हणून हे पत्रक त्या एका कापण्याबद्दल आहे.

या रोगाला शेंडेमर किंवा डायबॅक म्हणतात. बुरशी जखमेतून आत शिरते. जखम कधी छाटणीची असते, कधी हाताने ओढून तोडलेल्या फुलाची, कधी डोळ्याच्या वर सोडलेल्या लांब खुंटाची. शिरल्यावर ती खाली सरकते आणि सालीपेक्षा आतल्या गाभ्यातून पुढे जाते. बाहेरून फांदी चार बोटे काळी दिसते तेव्हा आत तपकिरी रंग त्याच्याही खाली पोहोचलेला असतो. काळ्या-हिरव्याच्या सीमेवर कात्री लावली तर काळे तेवढे निघते, बुरशी फांदीतच राहते. दोन-तीन आठवड्यांनी तीच फांदी आणखी खाली काळी पडते आणि दोष औषधाला दिला जातो.

कुठे थांबायचे हे साल सांगत नाही, फांदीचे कापलेले तोंड सांगते. फांदी कापली की वरून बघा. निरोगी फांदीचा मधला गाभा पांढरा किंवा किंचित मलईच्या रंगाचा, भोवतीचे लाकूड फिकट हिरवट आणि साल ओलसर हिरवी असते. गाभ्यात तपकिरी ठिपका दिसला, किंवा एका बाजूला तपकिरी चंद्रकोर दिसली, तर अजून खाली जायचे आहे. अर्धा गाभा पांढरा आहे म्हणून थांबू नका. संपूर्ण वर्तुळ स्वच्छ दिसेपर्यंत थांबायचे नाही.

लोकमान्य नगरातल्या एका काकूंच्या गच्चीवर लाल गुलाब आहे. बारा इंची कुंडी, जमिनीलगत फुटलेल्या तीन जाड फांद्या. त्यांपैकी अडीच फुटांची एक फांदी वरून काळी पडू लागली. काकूंनी काळा भाग काढला, वर हळद लावली, पाणी वाढवले. दिवाळीनंतर आमचा माळी गेला तेव्हा तीच फांदी पुन्हा सहा इंच काळी होती आणि वाळलेल्या सालीवर टाचणीच्या डोक्याहून बारीक काळे उंचवटे दिसत होते. ही बुरशीची फळे. ती दिसली की शेंडा नुसता उन्हाने वाळला असेल ही शंका उरत नाही.

माळ्याने काळ्या सीमेच्या दोन इंच खाली पहिला काप घेतला. गाभा पूर्ण तपकिरी. कात्री स्पिरिटच्या बोळ्याने पुसली आणि तीन इंच खाली दुसरा काप घेतला. आता गाभा अर्धा पांढरा, अर्धा चहाच्या रंगाचा. पुन्हा पुसून आणखी तीन इंच. गाभा पांढरा दिसला, पण कडेला एक बारीक तपकिरी रेघ होती. चौथा काप त्याच्या खालच्या बाहेर तोंड असलेल्या डोळ्यावर बसला, तिथे वर्तुळ स्वच्छ निघाले. फांदी जेमतेम नऊ इंच उरली. काकू कळवळल्या, "अहो, सगळंच कापलंत की!" बाकीच्या दोन फांद्यांना त्याने हात लावला नाही. दोन आठवड्यांत त्या डोळ्यातून तांबूस फूट आली आणि जानेवारीत त्याच फांदीवर कळी दिसली. गुलाबाला कापापासून फुलापर्यंत साधारण दीड ते दोन महिने लागतात, तेवढा धीर धरावा लागतो.

"तुमचा माळी झाड बोडकं करून जातो" ही तक्रार आम्ही अनेकदा ऐकतो. तो जास्त कापतो हे खरे आहे. चार बोटे कापून तो निघून गेला तर तुम्हाला त्या दिवशी बरे वाटेल, पण महिनाभराने त्याला परत यावे लागेल आणि तोपर्यंत बुरशी फांदीच्या बुडाशी पोहोचलेली असेल. आपल्याकडच्या बहुतेक गुलाबांवर जमिनीलगत कलमाची गाठ असते. तपकिरी रंग त्या गाठीत उतरला की झाड आमच्याही हातून वाचत नाही. मग गाठीच्या खालून जोमदार फूट येते आणि घरचे खूश होतात. ती फूट ज्यावर कलम बांधलेले असते त्या रानगुलाबाची असते, तुमच्या लाल किंवा पिवळ्या गुलाबाची नसते. म्हणून एखादी फांदी गाठीपर्यंत गेलेली दिसली, तर ती बुडापासून काढून बाकीच्या वाचवणेच शहाणपणाचे.

कापताना

शेवटचा काप डोळ्याच्या साधारण अर्धा सेंटीमीटर वर घ्यावा, डोळ्याच्या विरुद्ध बाजूला थोडा उतार ठेवून, म्हणजे पाणी डोळ्यावर साचत नाही. डोळ्याच्या वर दोन-अडीच इंच खुंट सोडण्याची अनेकांना सवय असते, "मार्जिन म्हणून". त्या खुंटाला रस वर ओढून घेणारे पान नसते, तो वाळतोच, आणि पुढची शेंडेमर तिथूनच सुरू होते.

कात्री दोन वक्र पाती एकमेकांवरून सरकणारी हवी. एक पाते सपाट पट्टीवर दाबणारी कात्री फांदी चिरडते आणि चिरडलेली कड लवकर कुजते. धार गेली असेल तर कात्री आमच्याकडे घेऊन या, आमच्याकडून घेतलेल्या कात्रीला धार लावायचे पैसे आम्ही घेत नाही. प्रत्येक कापानंतर पाते स्पिरिटने पुसावे. कापलेले तुकडे कुंडीच्या मातीवर टाकू नका. ते घरच्या खतातही न घालता कचरागाडीत द्या.

कधीकधी कापलेल्या तोंडाशी गाभ्याच्या जागी गोल, स्वच्छ भोक दिसते. ती बुरशी नव्हे, गाभा पोखरून घर करणारी बारीक माशी किंवा किडा असतो. भोक संपेपर्यंत खाली जा, पेस्ट लावा, एवढ्याने काम होते.

पेस्ट आणि फवारा

जखमेवर कॉपर ऑक्सिक्लोराइडची ५० टक्के पावडर लावावी. एक चमचा पावडरीत थेंब थेंब पाणी घालून श्रीखंडाइतकी दाट करायची आणि जुन्या ब्रशने काप व त्याखालचा अर्धा इंच झाकायचा. घरी बोर्डो पेस्ट करायची असेल तर १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम चुना वेगवेगळे विरघळवून एकत्र करावे, एकूण पाणी १०० मिली, भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे, लोखंडी नको. आमच्या दुकानात छोट्या डबीत तयार पेस्ट मिळते, एक डबी घरच्या बागेला सहज एक हंगाम पुरते. हळद लावल्याने झाडाचे नुकसान नाही. पण कोणतीही पेस्ट बाहेरून येणारी बुरशी अडवते, आत शिरलेली काढत नाही. तपकिरी गाभ्यावर लावलेली सर्वात महाग पेस्टसुद्धा वाया जाते. हे आम्ही पेस्ट विकणारे लोक सांगत आहोत.

कापल्यानंतर बाकीच्या झाडावर तीच पावडर लिटरला ३ ग्रॅम घालून एकदा फवारावी, सकाळी, हातमोजे आणि मास्क लावून. गुलकंदासाठी किंवा खाण्यासाठी पाकळ्या काढत असाल तर त्या झाडावर फवारू नका, नुसत्या कापावर आणि पेस्टवर भागवा.

मोठी छाटणी ऑक्टोबरच्या मध्यापासून, पाऊस पूर्ण थांबल्यावर करावी. शेंडेमरीचा काप मात्र त्यासाठी थांबवू नका, कोरडा दिवस मिळाला की घ्या. भर पावसात कापलेल्या ओल्या जखमेवर बुरशी लगेच बसते. मे महिन्यात मेलेला भाग तेवढा काढा, हिरव्या फांद्या ठेवा, नाहीतर उघड्या पडलेल्या खोडाची साल उन्हाने भाजते.

झाडाच्या सगळ्या फांद्या एकाच वेळी वरून वाळत असतील तर कात्री बाजूला ठेवा. तिथे रोग बहुधा मुळाशी असतो. माळव्याची काळी माती कुंडीत भरली की ती पाणी धरून ठेवते आणि तळाचे भोक बुजते. अशा वेळी कुंडी रिकामी करून मुळे पाहावीत. पांढरी, टणक मुळे असतील तर वाळू आणि शेणखत मिसळून पुन्हा भरावे. मुळे काळी, बोटाने सोलली जाणारी असतील तर झाड वाचण्याची आशा कमी.

जास्वंदीचे थोडे वेगळे

जास्वंदीलाही तोच नियम: पांढरा गाभा आणि सालीखाली हिरवे दिसेपर्यंत कापायचे. नखाने साल हलकी खरवडली तरी कळते. तिची साल तंतूंची असते, बोथट कात्रीने लांब पट्टी सोलून निघते, म्हणून धार इथे गुलाबाहूनही महत्त्वाची. फुले नव्या फुटीवर येतात, त्यामुळे कापायला घाबरू नका.

फरक थंडीचा आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा खाली गेला की जास्वंदीचे शेंडे काळवंडतात. हे बुरशीचे असेलच असे नाही. तेव्हाच कापले तर कोवळी फूट थंडीत येऊन तीही मरते. फेब्रुवारी संपेपर्यंत ते शेंडे तसेच राहू द्या, मग हिरव्यापर्यंत खाली या. अपवाद एकच: काळेपणा आठवड्याला खाली सरकत असेल आणि साल मऊ लागत असेल, तर थांबू नका. पांढरी कापसासारखी कीड दिसली तर तो वेगळा विषय आहे, त्याचे औषध वेगळे.

फोटो पाठवताना झाडाचा नको, कापलेल्या तोंडाचा पाठवा. फांदी कापा, लगेच वरून, उजेडात, जवळून फोटो घ्या, कारण तासाभरात गाभ्याचा रंग बदलू लागतो. शंका असेल तर कापलेला तुकडा कागदात गुंडाळून दुकानात आणा. पाहून सांगायचे आम्ही काही घेत नाही. माळी घरी बोलवायचा असेल तर आदल्या दिवशी कळवा, त्याच्या फेरीत कात्री, पेस्ट आणि स्पिरिट आमचेच असते. रोप आमच्याकडून घेतल्यापासून महिन्याच्या आत शेंडेमर दिसली तर काप दाखवून बदलून न्या. त्यानंतर बदलून देणे आम्हाला परवडत नाही, पण झाड वाचवायला आमचा माळी येईल.