एलएलपी की प्रायव्हेट लिमिटेड

भारतात छोटा स्टार्टअप काढणाऱ्यापुढे असणारी व्यवसायरचनेची निवड. मर्यादित दायित्व भागीदारी, म्हणजे एलएलपी, २००८च्या कायद्याने आली. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी २०१३च्या कंपनी कायद्याखाली चालते. दोन्हींना किमान दोन माणसे लागतात, आणि धंदा बुडाला तर मालकांच्या घरादारावर सहसा टाच येत नाही. बँकेने कर्जासाठी वैयक्तिक हमी लिहून घेतली असेल, तर मात्र हे कवच दोन्हीकडे सारखेच निरुपयोगी ठरते.

एलएलपी सांभाळायला स्वस्त. वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आणि भागीदारांचे भांडवल २५ लाखांच्या आत असेल, तर या कायद्याखाली लेखापरीक्षण सक्तीचे नाही. वर्षाकाठी फॉर्म ११ हे वार्षिक विवरण आणि फॉर्म ८ हे हिशेबाचे विवरण भरावे लागते. धंदा शून्य असला तरी ते चुकत नाहीत, आणि अनेकांना हे उशिराचा दंड बसल्यावरच कळते. कंपनीला मात्र पहिल्या वर्षापासून ऑडिटर नेमावाच लागतो.

खरा फरक बाहेरचा पैसा येताना दिसतो. समजा, नाशिकच्या दोन मैत्रिणींच्या कंपनीत प्रत्येकीचे ४,५०० शेअर आहेत. गुंतवणूकदार १० टक्के हिश्शासाठी ५० लाख द्यायला तयार आहे. कंपनी प्रत्येकी ५,००० रुपयांनी १,००० नवे शेअर काढते. एकूण शेअर १०,००० होतात. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल, भागधारकांचा विशेष ठराव, पैशासाठी वेगळे बँक खाते आणि ६० दिवसांत वाटप, एवढा सोपस्कार करावा लागतो. मैत्रिणींचे शेअर तेवढेच राहतात, फक्त टक्का उतरतो.

एलएलपीत शेअरच नसतात. त्या गुंतवणूकदाराला भागीदार करून घ्यावे लागते, करारनामा बदलावा लागतो आणि तो बदल ३० दिवसांत निबंधकाला कळवावा लागतो. पुढचा गुंतवणूकदार आला की पुन्हा तेच. अग्रहक्क शेअर किंवा कर्मचाऱ्यांना ठरल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क देणारे ईसॉप यांना येथे जागा नाही. म्हणून व्हेंचर फंड सहसा आधी कंपनी करून या, असे सांगतात.

एलएलपीचे कंपनीत रूपांतर कायद्याने होते, पण वर्तमानपत्रात जाहिरात, धनकोंची संमती, नवा पॅन, नवी जीएसटी नोंदणी आणि ग्राहकांच्या करारांवरचे नाव बदलणे, हे सगळे नेमके पैसे यायच्या घाईत करावे लागते. सौदा लांबतो तो इथे.

करावरून निवड करण्याची पद्धत आहे, ती फसवी. एलएलपीला नफ्यावर ३० टक्के दर आणि वर उपकर, पण उरलेला नफा भागीदारांच्या हाती करमुक्त. कंपनीला सवलतीचा दर अधिभार-उपकरासह सुमारे २५.१७ टक्के, पण लाभांशावर भागधारकाला पुन्हा कर. नफा वाटून न घेता धंद्यातच ठेवायचा असेल तर कंपनीचे पारडे जड. सल्लागार संस्था किंवा डिझाइन स्टुडिओ यांसारख्या, नफा दरवर्षी घरी नेणाऱ्या आणि कुणाकडून भांडवल न घेणाऱ्या मंडळींना एलएलपीच सोयीची.