गोळीची झोप गाढ असते का?

“झोपेची गोळी घेतली की रात्रभर गाढ झोप लागते, मग ती साध्या झोपेसारखीच ना?”

नाही. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम या गटातल्या गोळ्या मेंदूतल्या ‘गाबा’ या शांत करणाऱ्या रसायनाचा परिणाम वाढवतात. डोळा लवकर लागतो, जागही कमी येते. पण झोपेची घडण बदलते.

एरवी रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या भागात मेंदूच्या आलेखावर सेकंदाला एक-दोन अशा संथ, उंच लाटा दिसतात. हीच खरी गाढ झोप. गोळीने या लाटा बुटक्या होतात, हा टप्पा आखडतो आणि ती जागा दुसऱ्या टप्प्याची हलकी झोप भरून काढते. पहाटेकडे लांबत जाणारी स्वप्नांची झोपही उशिरा सुरू होते, थोडी घटते. म्हणून सात तास झोपूनही काहींना सकाळी डोकं जड वाटतं. त्यात लांब टिकणाऱ्या गोळीचा उरलेला अंमलही असतोच.

मग “मस्त झोपलो” असं का वाटतं? या गोळ्या स्मरणावरही पडदा टाकतात, त्यामुळे रात्री आलेली जाग सकाळी आठवत नाही. (झोल्पिडेम गाढ झोपेला तुलनेने कमी धक्का लावते, सगळ्या गोळ्या एका मापाच्या नाहीत.)

गोळी अचानक थांबवली, तर दबलेली स्वप्नं उसळून येतात, कधी भयानकही. बरेच दिवस घेणाऱ्याला अशा वेळी फिटचे झटके येण्याचा धोका असतो, म्हणून डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात.