घरच्या सोलरवर गाडी चार्ज करायचीय? मग वेगळं मीटर मागू नका

लातूरचे एक शिक्षक दोन बिलं घेऊन माझ्याकडे आले होते. छतावर ३ किलोवॅटचं सोलर, दारात नवी इलेक्ट्रिक गाडी. घराच्या बिलावर दीडशेच्या आसपास युनिट शिल्लक दाखवलेली, आणि गाडीच्या मीटरचं बिल मात्र पूर्ण भरायचं. "सर, ही शिल्लक युनिटं गाडीला का लागत नाहीत?" हा त्यांचा प्रश्न.

लागणार नाहीत. नेट मीटरिंग, म्हणजे सोलरची बाहेर गेलेली युनिटं बिलातून वजा होणं, हे ग्राहक क्रमांकाला बांधलेलं असतं. ज्या क्रमांकावर सोलर, त्याच क्रमांकाच्या वापरातून युनिटं वजा होतात. सरांनी गाडीसाठी वेगळं कनेक्शन घेतलं म्हणजे वेगळा ग्राहक क्रमांक घेतला. २०२४ च्या नियमदुरुस्तीपासून असं कनेक्शन मागायचा हक्क आहे. अपार्टमेंटमध्ये पार्किंग एकीकडे आणि घर तिसऱ्या मजल्यावर असेल तर ते सोयीचंही आहे. पण स्वतःचं घर आणि स्वतःचं सोलर असेल तर अर्ज एकच करा: आहे त्याच क्रमांकावर मंजूर भार वाढवण्याचा.

या अर्जाची अवघड जागा नाव ही आहे. आपल्याकडे निम्मी बिलं अजून वडिलांच्या नाहीतर आजोबांच्या नावावर येतात आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही. सोलरच्या अनुदानाला मात्र बिलावरचं नाव, आधारवरचं नाव आणि बँक खात्याचं नाव जुळावं लागतं. म्हणून आधी बिलावरचं नाव बदला. त्यासाठी मृत्यू दाखला, घराच्या मालकीचा कागद (नमुना ८ किंवा मालमत्ता पत्रक) आणि बाकीच्या वारसांची संमती जमवा. बहीण पुण्यात असेल तर तिची सही आणायला पंधरा दिवस जातात, ते आधीच धरून चला. मागची थकबाकी एक रुपयाचीही ठेवू नका. बाकी सगळं किरकोळ आहे. अर्ज महावितरणच्या पोर्टलवर करायचा, परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल जोडायचा आणि वाढीव अनामत भरायची.

सोलर अजून बसायचं असेल तर pmsuryaghar.gov.in वर नोंदणी करा. १० किलोवॅटपर्यंतच्या घरगुती अर्जाला वेगळा तांत्रिक अभ्यास लागत नाही, आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. एक चूक मात्र पुन्हा पुन्हा होते. पॅनल बसतात, नेट मीटर यायला वेळ लागतो, आणि उन्हाकडे बघून कुणीतरी सोलरचा इन्व्हर्टर चालू करतं. जुनं मीटर बऱ्याचदा बाहेर गेलेली वीजसुद्धा वापरलेली म्हणूनच मोजतं. मग बिल कमी व्हायच्या ऐवजी वाढतं आणि नंतर कुणाकडे दाद मागणार? नेट मीटर लागेपर्यंत इन्व्हर्टर बंद ठेवा.

आता किती भार मागायचा? शोरूमवाला ७.२ किलोवॅटचा चार्जर पुढे करतो. तो एका फेजवर ३२ अँपिअर ओढतो. त्यात सकाळी गिझर लागला की आणखी ९ अँपिअर, म्हणजे ४१ झाले. घराची जुनी वायर आणि एक फेजचं मीटर यात गरम होणारच. मग थ्री फेज करा म्हणतात, आणि त्याचा स्थिर आकार दर महिन्याला बराच जास्त बसतो.

सरांचा हिशेब बघा. रोजचं जाणं-येणं ४० किलोमीटर, त्याला सॉकेटपाशी मोजून साधारण ६ ते ७ युनिट लागतात. ३ किलोवॅटचं सोलर आपल्याकडच्या स्वच्छ दिवशी १२ युनिटच्या आसपास देतं, घर ५-६ खातं. म्हणजे उरतं ते गाडीला जेमतेम पुरतं. एवढ्यासाठी ७.२ चा चार्जर कशाला? गाडीसोबतचा १५ अँपिअर पिनचा चार्जर ६ किंवा ८ अँपिअरवर लावता येत असेल, किंवा गाडीच्या स्क्रीनवर करंट कमी करायची सोय असेल, तर काम झालं. ६ अँपिअर म्हणजे सुमारे १.४ किलोवॅट. सकाळी दहा ते चार टायमर लावला की आठेक युनिट गाडीत जातात. खरेदीआधी ही सोय आहे का ते विचारा, कारण काही चार्जर एकाच करंटवर चालतात.

उरलेल्या विजेच्या मागे आपोआप धावणारा चार्जरही मिळतो. त्याच्यासोबत करंट मोजणारी एक सीटी येते, मीटरजवळच्या मुख्य वायरला चिमट्यासारखी अडकवायची. बाहेर किती वीज चाललीय ते पाहून चार्जर गाडीला तेवढीच देतो. पण ६ अँपिअरच्या खाली बहुतेक गाड्या चार्ज होत नाहीत. पॅनल २.४ देतायत, घर ०.५ घेतंय, तर उरलेल्या १.९ किलोवॅटवर गाडी ८ अँपिअर घेते. ढग आला आणि उरलं १ किलोवॅट, की चार्जिंग थांबतं. थ्री फेज चार्जरला तर सुरुवातीलाच ४ किलोवॅटच्या वर लागतात, ३ किलोवॅटच्या सोलरवर तो कधी सुरूच होणार नाही. सीटी उलटी बसली तर वीज बाहेरून येत असताना चार्जर जोर धरतो आणि भर उन्हात गप्प बसतो. तेव्हा सीटीवरचा बाण बघा. घर थ्री फेज असेल तर एकफेज इन्व्हर्टर, चार्जर आणि सीटी एकाच फेजवर घ्या.

नेट मीटर असलेल्याला या महागड्या चार्जरचा फायदा तसा थोडा. दुपारी बाहेर गेलेलं युनिट रात्री वजा होतं, म्हणून सरांनी रात्री चार्ज केलं तरी चालतं. दोन गोष्टी तेवढ्या सांभाळा. ३१ मार्चला उरलेली युनिटं पुढच्या वर्षात जात नाहीत, कमी दराने त्यांचे पैसे मिळतात. आणि बिलावर वेळेनुसार दर लागू असेल तर दुपारचं युनिट आधी दुपारच्याच वापरातून वजा होतं, तिथे दुपारी चार्ज करणं बरं.

शेवटी अर्थिंग. सरांचा चार्जर पहिल्या आठवड्यात रोज लाल दिवा दाखवायचा, कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. मी अंगणातला अर्थिंगचा खड्डा उघडला. मे महिन्यातली काळी माती, हात जाईल एवढी भेगाळलेली आणि कोरडीठाक. दोन बादल्या पाणी ओतलं, अर्ध्या तासात दिवा हिरवा झाला. नंतर कोळसा-मीठ घालून नवा खड्डा केला आणि चार्जरला स्वतंत्र वायर, एमसीबी आणि गळती झाली की वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी दिली. तेव्हापासून उन्हाळ्यात दर रविवारी त्या खड्ड्यात पाणी पडतं.

वेगळं मीटर सरांनी परत केलं आणि घराचा भार वाढवून घेतला. परवा फोनवर विचारत होते, लाईट गेली तरी पॅनलवर गाडी चालू राहील ना? नाही राहणार. लाईट गेली की लाईनवर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसू नये म्हणून सोलरचा इन्व्हर्टरही बंद पडतो, डोक्यावर कितीही ऊन असलं तरी.