टीसीपी आणि यूडीपी: एक पॅकेट हरवलं तर मागच्यांनी थांबायचं का?

‘टीसीपी भरवशाचं पण हळू, यूडीपी वेगवान पण बेभरवशाचं. म्हणून फाइलला टीसीपी आणि व्हिडिओला यूडीपी.’ कारण म्हणून पुढे एवढंच असतं: हरवलेली पॅकेटं कॉल सोसतो, फाइल सोसत नाही. मुलाखतीच्या तयारीच्या नोट्समध्ये हे मी इतक्या वेळा वाचलंय, की आता एकदा बसून त्याबद्दल लिहिणं भाग आहे. वाक्य साफ खोटं असतं तर कुणीतरी केव्हाच खोडलं असतं. ते अर्धं खरं आहे, म्हणून टिकून राहिलंय.

टीसीपी तुम्हाला माहीत आहे असं धरतो. आधी जोडणी, मग प्रत्येक तुकड्याला क्रमांक, पलीकडून पोच, पोच आली नाही तर पुन्हा पाठवणं. यूडीपीत यातलं काहीच नाही. 1980 साली जॉन पोस्टेल यांनी लिहिलेलं त्याचं मूळ टिपण जेमतेम तीन पानांचं आहे. हेडर आठ बाइटचा. टीसीपीचा किमान वीस. हा बारा बाइटचा फरक नोट्समधल्या तुलनेच्या कोष्टकात मोठ्या थाटात मांडलेला दिसतो, पण तुमच्या कॉलला त्याने काहीही फरक पडत नाही. ‘यूडीपीत डेटा बिघडून येतो’ हेही चूक आहे. चेकसम त्यातही असतो आणि बिघडलेलं पॅकेट टाकून दिलं जातं. पॅकेट एक तर धड येतं, नाहीतर येतच नाही.

वेगाचं म्हणाल, तर तार तीच, राउटर तेच. यूडीपीचं पॅकेट टीसीपीच्या पॅकेटपेक्षा वेगाने धावत नाही. आणि रजिस्टर पोस्ट विरुद्ध साधं पोस्टकार्ड ही सगळीकडे दिली जाणारी उपमा मला मुळीच आवडत नाही. पोच कोण देतं एवढंच ती सांगते. खरी गोम पोचेत नाहीच. ती आहे रांगेत.

टीसीपी दोन वचनं देतं: सगळं मिळेल, आणि क्रमाने मिळेल. पहिलं वचन सगळ्यांना पाठ असतं. कॉलची वाट लावतं ते दुसरं. 101 नंबरचं पॅकेट हरवलं, तर 102, 103, 104 धडधाकट येऊन पोचली तरी ऑपरेटिंग सिस्टिम ती अॅपच्या हाती देत नाही. 101 पुन्हा येईपर्यंत ती तिथेच अडवून ठेवली जातात. बँकेत 101 टोकनवाला बाहेर गेलाय आणि मागचे सगळे समोर उभे असूनही खिडकी पुढचं टोकन घेत नाही, तसं. यूडीपीत खिडकीला क्रमच माहीत नसतो. जे आलं ते लगेच अॅपला.

हे आकड्यांत पाहू. पुण्याहून कॅलिफोर्नियातल्या लेकीशी कॉल चालू आहे. पॅकेटला एका दिशेने 120 मिलिसेकंद लागतात असं धरू. आवाज दाबायला आणि पुन्हा उलगडायला सहसा ओपस हा कोडेक असतो आणि तो बहुतेक वेळा 20 मिलिसेकंदांचा आवाज एका पॅकेटात भरतो, म्हणजे सेकंदाला पन्नास पॅकेटं. पलीकडे आवाज आल्या आल्या वाजवत नाहीत. पॅकेटं थोडी मागेपुढे येतात, म्हणून एक छोटा राखीव साठा ठेवतात, त्याला जिटर बफर म्हणतात. तो 60 मिलिसेकंदांचा धरू. 101 नंबरचं पॅकेट आपण शून्याव्या मिलिसेकंदाला पाठवलं. ते 120 ला पोचायला हवं आणि 180 ला वाजायला हवं. ते वाटेत हरवलं.

आता हा कॉल टीसीपीवर असता तर काय झालं असतं? (टीसीपी खरं तर बाइटना क्रमांक देतं, इथे सोयीसाठी पॅकेटना देतोय.) 102, 103, 104 ही पॅकेटं 20, 40 आणि 60 ला निघाली. ती पोचली, की प्रत्येक वेळी पलीकडून एकच उत्तर येतं: मला अजून 101 हवंय. असं तीनदा ऐकल्यावर पाठवणारा समजतो की ते हरवलं. तिसरं उत्तर 104 पोचल्यावर, म्हणजे 180 ला निघतं आणि पुण्यात 300 ला येतं. लगोलग 101 पुन्हा पाठवलं, ते 420 ला पोचलं. वाजायची वेळ होती 180. दोनशे चाळीस मिलिसेकंद उशीर.

एवढ्यावर भागलं असतं तर चाललं असतं. पण 102 वाजायला हवं होतं 200 ला, 103 हवं होतं 220 ला, आणि असं करत 112 हवं होतं 400 ला. ती सगळी त्या मशीनमध्ये वेळेआधी येऊन पडलेली होती. अॅपला मात्र ती 420 पर्यंत दिसलीच नाहीत. वाटेत हरवलं एक पॅकेट, वेळ चुकली बारांची. सुमारे पाव सेकंद शांतता, आणि मग सगळं एकदम अंगावर. टीसीपीच्या ‘सॅक’ सोयीने हे सुटतं असं काही जण सांगतात. सॅकमुळे नेमकं काय पोचलंय ते पाठवणाऱ्याला कळतं आणि तेवढंच पुन्हा पाठवता येतं. घेणाऱ्या बाजूची अडवणूक तशीच राहते.

यूडीपीवर काय होतं? 101 आलं नाही. 102 ठरल्या वेळी, 140 ला अॅपच्या हाती पडलं. 180 वाजले, 101 नाही, तर कोडेक मागच्या आवाजाच्या लकबीवरून 20 मिलिसेकंदांचा तुकडा अंदाजाने बनवून भरतो. 200 ला खरं 102 वाजतं. ‘कशी आहेस’ मधल्या ‘क’ चा छोटासा भाग बनावट होता, हे लेकीच्या लक्षातही येत नाही.

आणि कॉल ‘सोसतो’ म्हणजे नेमकं हेच. हरवलेल्या पॅकेटला किंमत नाही असं नाही. त्याची किंमत 180 व्या मिलिसेकंदाला संपते. उशिरा आलेला आवाज आणि न आलेला आवाज कॉलला सारखेच. बफर मोठा करून 420 पर्यंत थांबता येईल, पण मग प्रत्येक वाक्य तेवढं उशिरा पोचणार आणि दोघं एकमेकांच्या बोलण्यावर आदळत राहणार. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.114 या शिफारशीत संभाषणासाठी एका दिशेचा विलंब 150 मिलिसेकंदांच्या आत असावा असं म्हटलंय. आपले 120 तर समुद्र ओलांडण्यातच गेले.

फाइलचं उलटं. 10 मेगाबाइटची झिप फाइल 1460 बाइटच्या तुकड्यांत पाठवली तर जवळजवळ 6850 पॅकेटं होतात. त्यातलं एक कायमचं गेलं, तर आत 1460 बाइटचं भोक. त्या जागी अंदाजाने काही भरता येत नाही, कारण दाबलेल्या डेटात पुढचा भाग मागच्या भागाच्या आधाराने उलगडतो. भोकापासून पुढे त्या झिपमधला दस्तऐवज वाचताच येत नाही. मात्र तेच पॅकेट 300 मिलिसेकंद उशिरा आलं तर कुणाचं काय बिघडलं? फाइल वाट पाहू शकते, तिला भोक चालत नाही. कॉलला भोक चालतं, तो वाट पाहू शकत नाही.

‘डाउनलोडमध्ये पॅकेटं हरवत नाहीत’ हाही गैरसमज इथेच काढून टाका. हरवतात, रोज हरवतात. लिनक्सवर डाउनलोड चालू असताना हे चालवून पाहा:

```
ss -ti
```

यात `retrans:0/37` असं काही दिसलं, तर दुसरा आकडा त्या जोडणीत तुमच्या मशीनने पुन्हा पाठवलेल्या तुकड्यांचा असतो. तो पाठवणाऱ्याच्या बाजूला वाढतो, म्हणून फाइल देणाऱ्या सर्व्हरवर पाहा. हरवलेलं पॅकेट म्हणजे वाट तुंबली, असं टीसीपीचे बहुतेक प्रकार मानतात आणि वेगही कमी करतात. डाउनलोड मंदावतं ते बहुधा या माघारीमुळे.

कॉलच्या सहनशीलतेला मर्यादा आहे, हे मात्र आवर्जून सांगितलं पाहिजे. शंभरात एखाद-दुसरं, विखुरलेलं पॅकेट गेलं तर निभतं. सलग पाच-सहा गेली तर अख्खं अक्षर गेलं. ते कोडेक कुठून बनवणार? आवाज आधी यंत्रासारखा होतो, मग विरतो. चित्राचं आणखी नाजूक. व्हिडिओची बहुतेक फ्रेम ‘मागच्या फ्रेमपेक्षा काय बदललं’ एवढंच सांगते, त्यामुळे एका ठिकाणची चूक पुढच्या फ्रेममध्ये पसरत जाते. म्हणून व्हिडिओ कॉलचं अॅप चित्राची हरवलेली पॅकेटं यूडीपीवरही पुन्हा मागवतं, किंवा जमणार नसेल तर नवी पूर्ण फ्रेम मागतं. कोणतं मागवायचं आणि कोणतं सोडून द्यायचं, हा निर्णय यूडीपीत अॅपकडे राहतो. टीसीपीत तो त्याच्याकडे नसतो. मला विचाराल तर दोघांमधला खरा फरक हाच, आणि कोष्टकात पहिल्या ओळीत हाच हवा.

‘व्हिडिओ म्हणजे यूडीपी’ हे त्यामुळेच फसवं आहे. मोबाइलवर क्रिकेटचा सामना पाहताना शेजाऱ्याच्या डिशवर विकेट आधी पडते, कारण तुमचा प्लेअर काही सेकंदांचे तुकडे आधी साठवून मग दाखवतो. एवढा साठा असेल तर टीसीपी छान चालतं. उलट एचटीटीपी/3 वरून उतरवलेली फाइल यूडीपीवरून येते. वर क्विक नावाचा थर पोच, क्रमांक, पुन्हा पाठवणं सगळं स्वतः करतो. व्हिडिओ की फाइल हे विचारू नका. किती मिलिसेकंद थांबता येईल ते विचारा.

कॉल कशावर चाललाय हे कानांनीही ओळखता येतं. मी आधी काम करत होतो तिथे फायरवॉलने बाहेर जाणारं यूडीपी बंद केलेलं होतं. कॉल लागायचे, म्हणून कुणाला शंका आली नाही. फक्त समोरचा मध्येच गप्प व्हायचा आणि मग त्याची दोन वाक्यं भरभर, घाईघाईत ऐकू यायची. यूडीपीवर पॅकेट हरवलं तर आवाज खरखरतो किंवा तुटतो, पण मागून पळत येत नाही. थांबून मग पळणं ही टीसीपीची खूण. क्रोममध्ये कॉल चालू असताना `chrome://webrtc-internals` उघडलं, तर आमच्या बाजूच्या `local-candidate` खाली `relayProtocol` समोर `tls` दिसत होतं, म्हणजे आवाज मधल्या रिले सर्व्हरकडे 443 पोर्टवरून टीसीपीत गुंडाळून जात होता. `packetsLost` जवळजवळ शून्य, आणि `concealedSamples` मात्र भराभर वाढतोय. हरवलेलं काही नाही, तरी बनावट आवाज भरावा लागतोय: पॅकेटं येत होती, वेळेवर येत नव्हती. नेटवर्कवाल्यांनी रिले सर्व्हरसाठी यूडीपी 3478 उघडलं. त्या दुपारच्या कॉलमध्ये `packetsLost` वाढला आणि बोलणं सरळ ऐकू येऊ लागलं.