पालकाचा कर्करोग आणि मूल

आई किंवा वडिलांना कर्करोगासारखा गंभीर शारीरिक आजार झाला असता तो घरातील मुलांना समजावून सांगण्याची आणि उपचारांच्या काळात त्यांना सांभाळण्याची पद्धत. बालमानसशास्त्र, कर्करोगचिकित्सा व रुग्णालयीन समाजकार्य यांच्या संपर्कातून ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडत गेली असे सामान्यतः मानले जाते. खुद्द रुग्णालाच निदान सांगायचे नाही अशी रीत होती तोवर मुलांचा प्रश्न उद्भवतच नव्हता. अमेरिकेत डॉनल्ड ओकेन यांनी १९६१ मध्ये केलेल्या पाहणीत सुमारे ९० टक्के डॉक्टरांचा कल निदान न सांगण्याकडे होता. १९७९ मध्ये तशाच प्रश्नावलीला ९७ टक्के डॉक्टरांनी नेमके उलट उत्तर दिले. मुलांविषयीचे संशोधन वाढले ते त्यानंतर. भारतात ‘पेशंटला काही सांगू नका’ अशी विनंती नातेवाईक डॉक्टरांना अजूनही करतात. अशा घरात मुलापर्यंत बातमी पोहोचते ती बहुधा सर्वांत शेवटी, आणि तीही अर्धवट.

मुलाला आजार कितपत कळतो. या विषयातील मुख्य वाद येथे आहे, आणि मुलाला काय सांगायचे हेही त्याच्या निकालावर अवलंबून असते. झां पियाजे यांनी १९३२ मध्ये मुलांच्या नैतिक विचाराचा अभ्यास मांडताना असे दाखवले, की लहान मूल वाईट घटनेकडे शिक्षा म्हणून पाहते. चोरी करून पळणाऱ्या मुलाच्या पायाखालची फळी मोडली, तर ती चोरीमुळेच मोडली असे त्याला वाटते. पियाजे यांची चौकट आजारांना लावून रॉजर बिबेस व मेरी वॉल्श यांनी १९८० मध्ये मुलांच्या स्पष्टीकरणांचे टप्पे सांगितले. अगदी लहान मूल आजाराचा संबंध दूरच्या, असंबद्ध गोष्टीशी जोडते; मग जवळ येण्याने किंवा स्पर्शाने आजार होतो असे मानते; पुढे ‘काहीतरी पोटात गेले’ असे म्हणू लागते; आणि शरीराच्या आत काय बिघडते याची कल्पना साधारण अकरा वर्षांनंतर येते. यावरून सहा-सात वर्षांच्या मुलाला पेशी, गाठ वगैरे सांगणे व्यर्थ आहे असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला.

या मांडणीला १९८० च्या दशकातच आव्हान मिळाले. सूझन केरी यांच्या मते लहान मुलाची विचारशक्ती वेगळ्या जातीची नसते. त्याला शरीराविषयी माहिती कमी असते, इतकेच. मायकेल सीगल यांच्या १९८८ मधील प्रयोगांत शाळापूर्व वयातील मुलांनीही सर्दी मित्राकडून लागू शकते पण खरचटलेला गुडघा लागत नाही, हा भेद बऱ्यापैकी अचूक ओळखला. आजार म्हणजे खोडीची शिक्षा हे स्पष्टीकरणही बहुतेकांनी नाकारले. विचारण्याची पद्धत बदलली की उत्तर बदलते, हा त्यांचा मुद्दा दुर्लक्षिण्याजोगा नाही. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचा अनुभव या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतो. एरवी नीट कार्यकारण सांगणारे मूल भीतीच्या प्रसंगी मागे सरकते आणि ‘मी आईला त्रास दिला म्हणून’ अशा विचाराकडे वळते. म्हणून मुलाला कळण्याची कुवत आहे असे धरून खरी माहिती द्यावी, आणि अपराधाची भावना मात्र त्याने बोलून दाखवली नसली तरी आहे असे समजून ती दूर करावी, हा मार्ग अधिक सयुक्तिक वाटतो.

मृत्यूच्या आकलनाबाबत मतभेद कमी आहेत. मारिया नॉज यांनी १९४८ मध्ये हंगेरियन मुलांच्या अभ्यासातून सांगितलेले टप्पे पुढे सर्वत्र जसेच्या तसे आढळले नाहीत. मार्क स्पीस व सँडर ब्रेंट यांनी १९८४ मध्ये घेतलेल्या आढाव्यानुसार मेलेला परत येत नाही, त्याचे शरीर काम करत नाही आणि मृत्यू सर्वांना असतो, या तीन गोष्टी बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या दरम्यान उमगतात.

सांगण्याची रीत. नमुन्यादाखल एक घर घेऊ. आईला स्तनाचा कर्करोग. सहा वर्षांचा मुलगा व तेरा वर्षांची मुलगी. दर एकवीस दिवसांनी एक याप्रमाणे किमोच्या आठ फेऱ्या, नंतर शस्त्रक्रिया आणि किरणांचा शेक. सांगण्याची योग्य वेळ निदान पक्के होऊन उपचाराची आखणी ठरल्यानंतरची, पण पहिल्या किमोच्या आधीची. बायोप्सीचा अहवाल येण्यापूर्वी सांगितले तर मुलांच्या प्रश्नांना उत्तरे नसतात. केस गेल्यावर सांगितले तर मुलांनी तोवर स्वतःच काहीतरी जुळवलेले असते.

आधी विचारायचे, मग सांगायचे. ‘मी सारखी दवाखान्यात जातेय, तुला काय वाटतं, कशासाठी?’ या प्रश्नाला मुलगा ‘तुझ्या पोटात बाळ आहे’ असेही म्हणेल किंवा ‘मी ढकललं तेव्हा तुला लागलं ना, म्हणून’ असेही. त्याच्या मनात काय आहे हे कळल्याशिवाय केलेला खुलासा वाया जातो. मग आजाराचे नाव घेऊन दोन-तीन वाक्ये पुरतात : ‘आईच्या छातीत एक गाठ झालीये. तिला कॅन्सर म्हणतात. तू ढकललंस म्हणून ती झाली नाही, आणि माझ्याजवळ झोपलास तर ती तुला होणार नाही.’ नाव टाळू नये. सहा वर्षांचे मूल ते शेजारच्या काकूंकडून किंवा शाळेच्या बसमध्ये ऐकतेच, आणि आपल्यापासून लपवलेले नाव म्हणजे भयंकर असणार असे धरून चालते. ‘आई आजारी आहे’ एवढेच सांगितले तर पुढच्या सर्दीतापालाही मूल तेच समजते.

यानंतर काय दिसणार आहे, ते आधी सांगावे. मुलांना घाबरवतात ती डोळ्यांसमोर अचानक आलेली दृश्ये. पहिल्या किमोनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांनी केस गळू लागतात. उशीवर, बाथरूमच्या जाळीवर झुपके दिसतात. ‘औषध जोरात वाढणाऱ्या पेशींना मारतं, केस पण जोरात वाढतात, म्हणून ते जातात आणि औषध थांबलं की परत येतात’ हे मुलाला समजते. स्तनाच्या कर्करोगात वापरले जाणारे डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचे असते आणि ते दिल्यानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. फ्लश न केलेल्या संडासात ती पाहून आईला रक्त जाते आहे अशी मुलाची समजूत होते आणि तो कोणालाच विचारत नाही. पुढे रात्री तो आईच्या खोलीबाहेर घुटमळू लागतो आणि त्याचे कारण घरात कोणालाच कळत नाही. ‘लाल औषधानं लघवी लाल होते’ हे एक वाक्य आधी सांगितलेले असेल तर प्रसंग टळतो. किमोनंतर सुमारे सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या दिवसांत सर्दी-ताप असलेल्या मुलाने दूर राहायचे ते आईला जंतू लागू नयेत म्हणून, आईचा आजार त्याला लागेल म्हणून नव्हे. दिशा उलटी कळली तर ‘आईला हात लावू नको’ या मोठ्यांच्या दटावणीतून संसर्गाची भीती पक्की होते.

शेकाबद्दलही असेच. बाहेरून यंत्राने दिलेल्या शेकानंतर आईच्या अंगात किरण उरत नाहीत, मूल तिच्या कुशीत लगेच झोपू शकते. थायरॉइडच्या कर्करोगात दिलेले किरणोत्सारी आयोडीन हा वेगळा प्रकार आहे. तेथे डॉक्टर सांगतील तितके दिवस लहान मुलांना खरोखर लांब ठेवावे लागते, आणि तो काळ किती हे मुलाला दिनदर्शिकेवर खूण करून दाखवलेले बरे.

‘तू मरणार का?’ हा प्रश्न बहुधा भलत्या वेळी येतो, रिक्षात किंवा भात कालवताना. ‘काहीतरीच काय बोलतोस’ म्हटले की मूल पुन्हा विचारत नाही. ‘कॅन्सरनं काही माणसं मरतात. माझ्या डॉक्टरांना वाटतंय की या औषधानं मी बरी होईन. त्यात काही बदललं तर मी तुला सांगेन’ हे उत्तर खरे आहे आणि पाळता येते. ‘मी नक्की बरी होणार’ हे वचन पाळता येईलच असे नाही. या प्रश्नामागे पुष्कळदा दुसरा प्रश्न असतो : मला शाळेत कोण सोडणार, डबा कोण देणार. म्हणून किमोच्या दिवशी आजी डबा देईल, मामा घ्यायला येईल, हे नावानिशी ठरवून सांगितल्यावर लहान मूल शांत होते.

कुठे बिघडते. आई रुग्णालयात असताना ‘ती गावाला गेलीये’ असे सांगण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. उपचारासाठी परळच्या टाटा रुग्णालयात महिनोन्‌महिने राहावे लागते तेव्हा मूल गावी आजोळी राहते, आणि न सांगता निघून गेलेली आई परत आली तरी तिच्यावर विश्वास ठेवत नाही. ती पाणी प्यायला उठली तरी मागे धावते. मायरा ब्लूबाँड-लँगनर यांनी १९७८ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांविषयी नोंदवले होते, की कोणी न सांगताही मुले सत्य ओळखतात आणि मोठ्यांना बरे वाटावे म्हणून ठाऊक नसल्याचे सोंग घेतात. निरोगी मुलेही आजारी पालकाबाबत तसेच करताना दिसतात.

अंथरूण ओले करणे, पुन्हा अंगठा चोखणे, चिकटून राहणे ही लक्षणे काही आठवडे दिसणे स्वाभाविक आहे. ती ओसरत नसतील, शाळेतले लक्ष उडाले असेल किंवा आईच्या शरीरात जिथे दुखणे आहे तिथेच आपल्यालाही दुखते अशी तक्रार मूल करू लागले असेल, तर समुपदेशकाकडे न्यावे. एक लक्षण मात्र हमखास निसटते. ‘किती समजूतदार झालीये’ असे जिच्याबद्दल सगळे कौतुकाने बोलतात ती तेरा वर्षांची मुलगी पोळ्या लाटते, भावाचा अभ्यास घेते, मैत्रिणींकडे जात नाही. ब्रूस कंपास व सहकाऱ्यांच्या १९९४ च्या अभ्यासात आई आजारी असलेल्या किशोरवयीन मुलींमध्ये चिंता व नैराश्य सर्वाधिक आढळले. पुढील आढाव्यांनीही याला बव्हंशी दुजोरा दिला. तिला कामातून पूर्ण मुक्त करणे घराला परवडत नाही आणि तिलाही ते अपमानाचे वाटते. ठरावीक दोन कामे तिची, बाकीची मावशीची किंवा बाबांची, आणि क्लास व खेळ चालू, अशी वाटणी टिकते. शिवाय ‘मलाही हा होईल का’ हा तिचा खरा प्रश्न असतो. स्तनाचे बहुतेक कर्करोग थेट आनुवंशिक नसतात. जनुकचाचणीची गरज आहे का हे आईचे डॉक्टर सांगतात, हे तिला वेगळे बसवून सांगावे.

आजार बळावल्यास. ग्रेस क्राइस्ट यांच्या न्यूयॉर्कमधील कामातून असे दिसते, की मुलांची घालमेल पालकाच्या मृत्यूनंतरच्या महिन्यांपेक्षा शेवटच्या आजारपणात अधिक असू शकते. काही बदलले तर सांगेन, हे दिलेले वचन येथे पाळावे लागते : ‘औषध आता काम करत नाहीये.’ ‘झोपली’ म्हटले तर मूल झोपायला घाबरते. ‘देवानं नेलं’ म्हटले तर देवाचा राग धरते किंवा आपल्यालाही नेईल म्हणून धास्तावते. घरच्या श्रद्धेप्रमाणे ‘देवाघरी’ म्हणायला हरकत नाही, मात्र ‘तिचं शरीर थांबलं, ती परत येणार नाही’ हे त्याच्या आधी यावे. अंत्यविधीच्या वेळी मुलांना शेजारी पाठवून देतात. काय दिसेल हे आधी सांगून, जवळ एक मोठे माणूस देऊन, थांबायचे की नाही हे मुलाला ठरवू द्यावे असा बहुतेक अभ्यासकांचा सल्ला आहे.

संस्थात्मक व्यवस्था. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात पॉला राउख यांनी रुग्ण-पालकांना मार्गदर्शन करणारा उपक्रम सुरू केला. त्यात मुलाला दवाखान्यात न आणता पालकालाच बोलणे शिकवतात. नॉर्वेत २०१० पासून आरोग्यसेवकांवर रुग्णाला अल्पवयीन मुले आहेत का हे विचारण्याचे व त्यांच्या माहितीची सोय पाहण्याचे कायदेशीर बंधन आहे. भारतात हे काम मुख्यतः मोठ्या कर्करोग रुग्णालयांतील वैद्यकीय समाजसेवक, मानसशास्त्रज्ञ व उपशामक सेवा विभागाकडे येते, आणि ते सहसा पालकाने स्वतः विचारल्यावरच सुरू होते.