आज किती नोंदी आल्या? प्रसिद्धीपूर्व तपासणीमागचा इतिहास

बाहेरून डेटा आणून तो रोज प्रसिद्ध करणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेत प्रसिद्धीच्या आधी एक छोटी तपासणी असते. आज किती रो आल्या, काल किती होत्या, आणि आकडा एकदम घसरला आहे का, एवढेच ती पाहते. ती आज ज्या रूपात दिसते तशी मुळात नव्हती. पूर्वी हा हिशेब डेटा पाठवणाराच करून देत असे. आता तो घेणाऱ्याला अंदाजाने करावा लागतो, आणि या तपासणीच्या बहुतेक अडचणी याच बदलातून आल्या आहेत.

पंच कार्ड आणि चुंबकीय टेपच्या काळात बॅच एकटी येत नसे, तिच्यासोबत तिची मोजदादही येई. टेपवरच्या फाइलच्या शेवटी एक ट्रेलर असे आणि त्यात आधी किती ब्लॉक लिहिले गेले तो आकडा असे. वाचणारे यंत्र स्वतः मोजत जाई आणि शेवटी आपला आकडा ट्रेलरशी ताडून पाही. जुळला नाही तर काम तिथेच थांबे. अमेरिकेतल्या बँका आपसातील देणीघेणी ज्या एसीएच फाइलने पाठवतात तिच्यात ही पद्धत अजून जिवंत आहे. तिची प्रत्येक ओळ 94 अक्षरांची असते. शेवटच्या कंट्रोल रेकॉर्डमध्ये एकूण नोंदी, जमा-नावेच्या रकमा आणि एक विचित्र बेरीज असते: प्रत्येक नोंदीतल्या बँक-क्रमांकाचे पहिले आठ अंक घेऊन केलेली बेरीज. बँकांच्या क्रमांकांची बेरीज करण्यात व्यवहाराच्या दृष्टीने काहीच अर्थ नाही. पण एखादी नोंद गळली, किंवा एकीच्या जागी दुसरी आली, तर ती बेरीज जवळजवळ नक्की चुकते. रो काउंट बरोबर असूनही आतला माल बदललेला असू शकतो हे त्या लोकांनी फार पूर्वी ओळखले होते.

वेबवरून डेटा घेणे सुरू झाले आणि ही सोबतची मोजदाद गळाली. वेबवर डेटा मागण्या-देण्याचे नियम ठरवणाऱ्या एचटीटीपीच्या, 1996 मध्ये लिहून ठेवलेल्या 1.0 आवृत्तीत उत्तराची लांबी सांगणारे `Content-Length` होते, पण ते सक्तीचे नव्हते. ते नसेल तर कनेक्शन बंद झाले की उत्तर संपले असे मानायचे. म्हणजे निम्म्यावर तुटलेले कनेक्शन आणि नीट संपलेले उत्तर घेणाऱ्याला सारखेच दिसत. पुढच्या आवृत्तीत तुकड्यांनी येणाऱ्या उत्तराचा शेवट दाखवायला शून्य लांबीचा तुकडा आला आणि हे भोक बरेचसे बुजले. तरीही ती हमी बाइट्सची आहे, नोंदींची नाही. समोरच्या सर्व्हरचीच क्वेरी अर्धवट राहिली असेल, तर अर्धी यादी पूर्ण आणि निर्दोष उत्तर म्हणून येते, ‘सगळे ठीक’ असे सांगणाऱ्या `200` या स्टेटससह.

अर्धी फाइल वैध असणे किती महागात पडते हे इंटरनेटवरची नावे पत्त्यांशी जोडणाऱ्या डीएनएस यंत्रणेच्या झोन फाइलने जगाला दोनदा दाखवले. झोन फाइल म्हणजे एखाद्या टॉप-लेव्हल डोमेनखालच्या सगळ्या नावांची यादी. ती डेटाबेसमधून तयार होते आणि मग नेम सर्व्हरवर जाते. जुलै 1997 मध्ये नेटवर्क सोल्यूशन्स या कंपनीत रात्री ही यादी तयार होत असताना डेटाबेसने दगा दिला आणि `.com` व `.net` च्या सदोष फाइली तयार झाल्या. तपासणी करणाऱ्या यंत्रणेने इशाराही दिला होता. पण ड्यूटीवरच्या प्रशासकाने फाइल पुन्हा तयार न करता तीच सोडली. सुधारलेली फाइल जाईपर्यंत सुमारे चार तास गेले. 12 मे 2010 रोजी जर्मनीच्या `.de` ची पाळी आली. नेहमीच्या अपडेटमध्ये कापली गेलेली झोन फाइल अनेक ठिकाणच्या सर्व्हरवर चढली. तेव्हा `.de` खाली 1 कोटी 30 लाखांहून अधिक नावे होती. यादीत नसलेल्या नावाबद्दल सर्व्हर ‘सध्या माहिती नाही’ असे म्हणत नाही. तो ठामपणे सांगतो की असे नाव अस्तित्वातच नाही, आणि विचारणारा ते उत्तर काही काळ जपूनही ठेवतो.

दुसऱ्या प्रसंगात रो काउंटची साधी तुलना पुरली असती, कारण लाखो नावे एका रात्रीत नाहीशी होत नाहीत. पहिला प्रसंग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. तिथे तपासणी होती आणि ती वाजलीही, पण प्रसिद्धीचा दरवाजा तिच्या हातात नव्हता. नुसता ईमेल पाठवणारी तपासणी आणि प्रसिद्धी अडवणारी तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला मी तपासणी म्हणणार नाही.

मग ‘आकडा कालपेक्षा 20 टक्क्यांहून अधिक घसरला की थांबा’ असा नियम घातला की झाले का? 2020 च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये जे झाले ते या नियमाच्या कक्षेतच येत नव्हते. प्रयोगशाळांकडून कोविड-बाधितांच्या सीएसव्ही फाइली येत आणि पब्लिक हेल्थ इंग्लंड ही संस्था त्या एक्सेलच्या जुन्या `.xls` साच्यात ओतत असे. त्या साच्यात 65,536 रो मावतात. एका रुग्णाला अनेक रो लागत असल्याने प्रत्यक्षात एका साच्यात सुमारे 1,400 रुग्णच बसत. त्यापुढचे गळत होते. 25 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर या काळात असे 15,841 रुग्ण रोजच्या आकड्यातून सुटले, आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोधही लांबला.

त्यातले शेवटचे चार दिवस जवळून पाहू. ब्रिटनचे जाहीर झालेले आकडे 29 सप्टेंबरला 7,143, मग 7,108, मग 6,914 आणि 2 ऑक्टोबरला 6,968 असे होते. कालच्या तुलनेत सर्वांत मोठी घट तीन टक्क्यांच्याही आत आहे. घसरण पकडणारा कोणताही नियम इथे गप्पच बसला असता. आता गळलेले आकडे शेजारी ठेवा: त्याच चार दिवसांत अनुक्रमे 1,415, 3,049, 4,133 आणि 4,786. दोन्ही मिळवले तर खरा क्रम 8,558, 10,157, 11,047, 11,754 असा चढता निघतो. साथ वाढत होती आणि साच्याची मर्यादा तिला सपाट करत होती. ठरावीक कमाल मर्यादेवर डेटा कापला जातो तेव्हा मूळ आकडा जितका वाढेल तितकी गळती वाढते, पण बाहेर दिसणारा आकडा जागचा हलत नाही.

हे पकडायचे तर कालशी तुलना करून भागत नाही. एका पायरीत किती रो शिरल्या आणि किती बाहेर पडल्या हे ताडावे लागते, म्हणजे जुन्या टेपच्या ट्रेलरचेच काम. शिवाय काही आकडे दिसताच थांबावे: नेमके 65,536, एपीआयच्या एका पानाच्या मर्यादेइतके 1,000, किंवा त्याच्या नेमक्या पटीतले. खऱ्या जगातल्या नोंदी सहसा इतक्या नेटक्या संख्येवर संपत नाहीत.

उलट बाजूही तितकीच खरी आहे, कारण कधी कधी घसरण खरी असते. नासाच्या निंबस-7 उपग्रहावरचे टॉम्स हे उपकरण ओझोन मोजत होते, आणि 180 डॉब्सन युनिटच्या खालचे आकडे संशयास्पद म्हणून वेगळी खूण लावून ठेवले जात. अंटार्क्टिकावर अशा खुणा अचानक वाढल्या, तेव्हा आधी उपकरणच बिघडले असावे असे वाटणे स्वाभाविक होते. तुलनेसाठी घेतलेल्या दक्षिण ध्रुवावरच्या जमिनीवरील केंद्राचे आकडे 300 च्या आसपास होते. ते आकडेच चुकीचे होते हे नंतर कळले. दरम्यान मे 1985 मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरच्या हॅली बे इथल्या नोंदींवरून ओझोनची घट ‘नेचर’मध्ये जाहीर केली. संगणकाने हे आकडे फेकून दिले होते ही गोष्ट पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते, पण ती खरी नाही. आकडे खूण लावून जपलेले होते, म्हणूनच ते पुन्हा काढून पाहता आले. तपासणीत अडकलेला डेटा पुसून न टाकता बाजूला ठेवण्याच्या पद्धतीला याहून भक्कम आधार मला माहीत नाही.

आजची रचना या अनुभवांच्या बेरजेतून आलेली दिसते. आणलेला डेटा थेट मुख्य टेबलात न लिहिता आधी स्टेजिंग या तात्पुरत्या जागेत उतरवतात, तिथे तपासतात आणि पास झाला तरच पुढे सरकवतात. नापास झाला तर वाचकाला कालचीच आवृत्ती दिसत राहते, तिच्यावर कालची तारीख स्पष्ट लिहून. नेटफ्लिक्सच्या अभियंत्यांनी ‘राइट-ऑडिट-पब्लिश’ या नावाने ही पद्धत रूढ केली आणि 2018 मध्ये अ‍ॅमेझॉनच्या डीक्यूसारख्या मुक्त साधनांनी असे नियम लिहिणे सोपे केले.

साधने आली तरी एक जुनी चूक पुन्हा पुन्हा होते. चाळीस स्रोतांचा डेटा एकत्र येत असेल, तर त्यातला एक लहान स्रोत पूर्ण बंद पडला तरी एकूण आकड्यात ते जाणवत नाही. म्हणून स्रोतागणिक मोजायचे ठरते आणि लोक स्टेजिंगवर स्रोतानुसार गट पाडणारे `GROUP BY` लावतात. पण ज्या स्रोताची एकही रो आली नाही तो त्या निकालात शून्य दाखवत नाही. तो निकालात येतच नाही, आणि नसलेल्या ओळीवर कोणताही नियम लागू होत नाही. मोजणी अपेक्षित स्रोतांच्या यादीपासून सुरू करावी लागते:

```sql
SELECT s.source_id, COUNT(t.source_id) AS row_count
FROM expected_sources s
LEFT JOIN staging t ON t.source_id = s.source_id
GROUP BY s.source_id;
```

इथे `COUNT(*)` लिहिले तर बंद स्रोतापुढे 0 ऐवजी 1 येतो, म्हणून `COUNT(t.source_id)`.

तुलना कोणत्या दिवसाशी करायची हाही प्रश्न उरतो. सोमवारची रविवारशी तुलना केली की दर आठवड्याला खोटी घंटा वाजते, म्हणून मागच्या आठवड्यातला तोच वार घेतात. त्यानेही हळूहळू होणारी झीज सापडत नाही. रोज तीन टक्के नोंदी गळत असतील, तर आठवड्याची घटही 20 टक्क्यांच्या आतच राहते, मर्यादा कधीच ओलांडली जात नाही आणि 30 दिवसांत मूळच्या जेमतेम 40 टक्के उरतात. त्यावर उपाय म्हणून माणसाने शेवटची तपासून मान्य केलेली एक आवृत्ती स्थिर ठेवतात आणि रोजचा आकडा कालच्यासोबत तिच्याशीही ताडतात. ती आवृत्ती आपोआप पुढे सरकू द्यायची नसते. तीन महिन्यांनी ती बदलायची असेल तर दोन्ही यादींतला फरक कोणीतरी बसून वाचायचा, गळलेल्या नोंदी मूळ स्रोतावर जाऊन पाहायच्या आणि मगच नवीन आकडा नोंदवायचा.